अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता : तपासणी नक्की कोणाची करायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कमी वयात एम्फिसीमा झालेले रुग्ण, यकृत बिघडलंय पण कारण सापडत नाही असे रुग्ण आणि या दोघांचे नातेवाईक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. 'अल्फा-१ अँटिट्रिप्सिन' हे नाव दर वेळी लिहिणं जड जातं, म्हणून पुढे 'एएटी' म्हटलं आहे. पातळीचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमच्या रिपोर्टात 'ग्रॅम प्रति लिटर' असेल तर आकड्याला १०० ने गुणा.

१. हा आजार म्हणजे नेमकं काय? एकाच दोषाने फुप्फुस आणि यकृत दोन्ही कसं बिघडतं?

एएटी हे यकृतात तयार होणारं एक प्रथिन आहे. यकृत ते रक्तात सोडतं आणि त्याचं खरं काम असतं फुप्फुसात. धूर, धूळ किंवा जंतू आत गेले की पांढऱ्या पेशी तिथे धावतात आणि इलॅस्टेज नावाचं पाचक द्रव्य सोडतात. हे द्रव्य जंतूंबरोबर फुप्फुसाच्या लवचिक भिंतीही खातं. त्याला आवर घालतं ते एएटी. एएटी कमी पडलं की वायुकोशांच्या भिंती झिजतात, लहान कोश फुटून मोठे पोकळ फुगे होतात. हाच एम्फिसीमा.

यकृताची गोष्ट उलटी आहे. तिथे त्रास प्रथिन कमी पडल्याचा नसतो, अडकून बसल्याचा असतो. सगळ्यात प्रसिद्ध दोष 'झेड' प्रकाराचा. त्यात प्रथिनाची घडी चुकते, रेणू एकमेकांत गुंतून त्यांच्या माळा होतात आणि त्या यकृताच्या पेशीतच साचतात. म्हणजे फुप्फुसात तुटवडा आणि यकृतात तुंबारा. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचे बरेच अपवाद (प्रश्न १२ आणि १८) यातूनच उलगडतात.

२. हा तर गोऱ्या लोकांचा आजार ना? आपल्याकडे तपासायची गरज आहे का?

शोध लागला तो स्वीडनमध्ये. १९६३ साली मालमो इथे कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिकसन यांना रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्या पाहताना पाच जणांत अल्फा-१ ची रेघच दिसली नाही. त्या पाचांतल्या तिघांना एम्फिसीमा होता. झेड प्रकार उत्तर युरोपात जास्त, एस प्रकार स्पेन-पोर्तुगालकडे जास्त, आणि आपल्याकडे दोन्ही विरळ, एवढं खरं आहे.

पण 'झेड विरळ' म्हणजे 'आजार नाही' असं होत नाही. या जनुकात दोष निर्माण करणारे इतरही बरेच बदल आहेत. एम-मॉल्टन हा सार्डिनिया आणि ट्युनिशियाकडे, सियामा हा जपानमध्ये आढळतो, आणि दोन्ही तितकेच घातक आहेत. नावात 'एम' आहे म्हणून एम-मॉल्टन निरुपद्रवी समजू नका. आपल्याकडे दुर्मीळ बदलांचा विचार आधीपासून डोक्यात ठेवावा लागतो, आणि त्यामुळे तपासणीचा क्रमही बदलतो. तो प्रश्न ८ आणि ११ मध्ये आहे.

३. एम्फिसीमाच्या कोणत्या रुग्णांची तपासणी करायची?

जागतिक मार्गदर्शक सूचनांचं उत्तर सरळ आहे : स्पायरोमेट्रीवर, म्हणजे फुंकून करायच्या श्वासाच्या चाचणीवर, सीओपीडी म्हणजे श्वासाचा कायमचा अडथळा पक्का झालेल्या प्रत्येकाची, वय काहीही असो, आयुष्यात एकदा. तत्त्व म्हणून ते मला मान्य आहे. पण सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रोज सीओपीडीचे डझनभर रुग्ण येतात आणि त्यांतल्या प्रत्येकाला खासगी लॅबमध्ये पाठवता येत नाही. निवड करावीच लागणार असेल तर पुढच्या माणसांना मागे ठेवू नका.

पहिला, पंचेचाळिशीच्या आत एम्फिसीमा झालेला. दुसरा, ज्याचं धूम्रपान आणि फुप्फुसाचं नुकसान यांचा मेळ बसत नाही असा, म्हणजे पाचेक वर्षं थोड्या विड्या ओढल्या आणि फुप्फुस मात्र साठीच्या माणसासारखं. तिसरा, ज्याच्या सिटी स्कॅनमध्ये झीज फुप्फुसाच्या तळाशी जास्त आहे. चौथा, ज्याच्या सख्ख्या भावंडांत, आई-वडिलांत कोणाला लवकर दम लागू लागला किंवा 'लिव्हर खराब होऊन' कोणी गेलं. पाचवा, ज्याला स्वतःलाच फुप्फुस आणि यकृत असे दोन्ही त्रास आहेत. हा पाचवा सगळ्यात जास्त निसटतो, कारण त्याची एक फाइल छातीच्या डॉक्टरकडे असते आणि दुसरी पोटाच्या डॉक्टरकडे.

याशिवाय कारण न सापडलेला ब्रॉन्किएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावणं, आणि मांडी-नितंबावर येणाऱ्या, फुटून तेलकट द्रव गळणाऱ्या दुखऱ्या गाठी असतील तरी पातळी करावी. या गाठी दुर्मीळ आहेत, पण दिसल्या तर विसरू नयेत.

४. मी विडी ओढायचो, घरात चूल होती, शिवाय टीबीही होऊन गेलाय. मग कारण मिळालंच की! तरी तपासू का?

आपल्याकडचा खरा पेच हाच आहे. परदेशी पुस्तकात 'धूम्रपान न करणारा तरुण रुग्ण' ही मोठी खूण असते. इथे धूम्रपान न करणाऱ्या बाईनेही वीस-पंचवीस वर्षं चुलीचा धूर घेतलेला असतो, आणि टीबीचे जुने व्रण फुप्फुसात असतातच. म्हणून कारण सापडलं की डॉक्टर शोध थांबवतात.

मी दोन गोष्टी पाहतो. टीबीने केलेलं नुकसान बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतं, ओढलेलं आणि एका बाजूला जास्त असं. दोन्ही बाजूंना तळाशी सारखी काळी पोकळी दिसत असेल तर ती टीबीच्या खात्यावर टाकू नये. आणि टीबीचं निदान कशावरून झालं होतं ते विचारतो. थुंकीत जंतू कधीच सापडले नाहीत, फक्त 'एक्स-रे खराब होता' म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या, असं असेल तर तो टीबी होता की नाही इथूनच शंका सुरू होते. तळाच्या पोकळ्या किंवा असा संशयास्पद टीबी, यांपैकी काहीही असेल तर विडी आणि चूल असूनही तपासा. कमतरता असलेल्या माणसाचं फुप्फुस धुराने इतरांपेक्षा कितीतरी वेगाने झिजतं. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात, किंबहुना असतातच.

५. माझ्या सिटी स्कॅनमध्ये एम्फिसीमा वरच्या भागात आहे. म्हणजे मला हा आजार नाही ना?

तळाशी झीज असणं ही खूण आहे, अट नाही. कमतरता असलेल्या कित्येकांत वरच्या भागातही ठळक झीज दिसते, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत. खूण दिसली तर तपासायचं, पण ती दिसली नाही म्हणून सोडून द्यायचं नाही.

६. मला लहानपणापासून दमा आहे. मीही ही तपासणी करू का?

पंपाने श्वास पूर्ण मोकळा होत असेल आणि स्पायरोमेट्री मधल्या काळात नॉर्मल येत असेल तर गरज नाही. औषध दिल्यावरही अडथळा उरतच असेल, म्हणजे पंपानंतरच्या चाचणीत पहिल्या सेकंदाला बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी येत असेल, तर एकदा पातळी करून घ्या. 'दमा' म्हणून दहा वर्षं पंप घेतलेल्या माणसाला खरं तर एम्फिसीमा असल्याचं अनेकदा असंच उघड होतं.

७. यकृताच्या आजाराचं कारण सापडत नाही, असं कधी म्हणायचं? आणि एएटी तपासणी नेमकी कधी?

एसजीओटी-एसजीपीटी सहा महिने वाढलेलंच आहे, किंवा सोनोग्राफीत यकृत खडबडीत आणि प्लीहा मोठी आहे, किंवा थेट पोटात पाणी झालंय. अशा रुग्णात आपण हेपॅटायटिस बी आणि सी पाहतो, दारूचा इतिहास घेतो, चरबी पाहतो, ऑटोइम्यून चाचण्या करतो, तरुण असेल तर यकृतात तांबं साठवणाऱ्या विल्सन आजारासाठी सेरुलोप्लाझ्मिन, आणि लोहासाठी फेरिटिन. माझं म्हणणं इतकंच की एएटीची पातळी याच रक्तासोबत, पहिल्या फेरीतच घ्यावी. बहुतेक ठिकाणी ती शेवटी, बायोप्सीनंतर आठवते.

प्रौढांत अडचण आणखी वेगळी आहे. आज पन्नाशीच्या बऱ्याच माणसांच्या सोनोग्राफीवर 'फॅटी लिव्हर' लिहिलेलं असतंच. ते लिहिलं की 'कारण सापडलं' असं वाटतं. पण सडपातळ आहे, साखर नाही, दारू नाही, तरी यकृत कडक झालं असेल, किंवा चरबी सौम्य आणि व्रण फार जास्त असं प्रमाण बिघडलेलं असेल, तर फॅटी लिव्हरच्या शिक्क्यावर थांबू नका.

एक छोटी युक्ती. रुग्णाची प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस दुसऱ्याच कारणासाठी झालेली असेल तर तो आलेख फाइलमधून पुन्हा काढून पाहा. अल्ब्युमिनच्या मोठ्या डोंगरानंतर लगेच अल्फा-१ ची छोटी टेकडी असते. ती सपाट असेल तर १९६३ साली मालमोमध्ये जे दिसलं तेच तुम्ही पाहताय.

८. तपासणी कोणत्या क्रमाने करायची? उपाशी जावं लागतं का?

उपाशी राहायची गरज नाही. साध्या रक्तातून एएटीची पातळी मोजली जाते आणि त्याच नमुन्यात शरीरातली जळजळ दाखवणारं सीआरपी मागवावं (कारण प्रश्न ९ मध्ये). सुरुवात नेहमी पातळीपासून. सीआरपी नॉर्मल असताना पातळी ११० च्या वर असेल तर गंभीर कमतरता जवळजवळ नाहीच आणि बहुतेकांचं काम इथेच संपतं. ११० च्या खाली असेल तर पुढची पायरी, म्हणजे प्रथिनाचा प्रकार ओळखणारी फिनोटाइप चाचणी किंवा जनुकाची चाचणी.

५७ हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो साधारण ११ मायक्रोमोल प्रति लिटर इतका होतो आणि त्याखाली फुप्फुसाचं संरक्षण कमी पडतं असं मानतात. आई आणि वडील यांच्याकडून मिळालेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती झेड असलेल्यांची पातळी बहुधा ४० च्या आतच असते. जुन्या पद्धतीच्या मोजणीत हीच रेषा ८० लिहिलेली आढळते, त्यामुळे दोन लेखांत दोन आकडे दिसले तर गोंधळू नका. मोजायची पद्धत वेगळी होती, एवढंच.

९. माझी पातळी नॉर्मल आली. आता शंका संपली का?

रक्त कधी घेतलं त्यावर आहे. एएटी हे जळजळ आणि संसर्गात वाढणारं प्रथिन आहे. न्यूमोनिया, दम वाढून दाखल होणं, शस्त्रक्रिया, गरोदरपण, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, या सगळ्यांत ते चढतं. एक प्रत बिघडलेल्या माणसाची खरी पातळी ८० असेल तर तापात ती १२० दिसू शकते. दोन्ही प्रती बिघडलेल्यांत मात्र वाढ इतकी होत नाही. त्यांची पातळी तापातही ओढूनताणून नॉर्मलपर्यंत पोचत नाही.

म्हणून रुग्ण दाखल असताना पातळी करायलाच नको, असं मी म्हणत नाही. डिस्चार्जनंतर तो परत येईलच याची खात्री नसते. नमुना घ्या, सीआरपी सोबत घ्या. पातळी खाली आली तर ती खरी. नॉर्मल आली आणि सीआरपी वाढलेलं असेल तर बरं वाटल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा करा.

१०. रिपोर्टमध्ये 'एम-१ एम-३' लिहिलंय. हा कोणता दोष?

दोष नाही. एमचे हे उपप्रकार सामान्यच आहेत. पातळीही ठीक असेल तर तुम्ही निश्चिंत राहा.

११. जनुक चाचणीत 'एस आणि झेड आढळले नाहीत' असं आलं. डॉक्टर म्हणाले हा आजार नाही. खरं का?

पातळी न पाहता हे वाक्य कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. खाली एक उदाहरण देतो. रुग्ण रचलेला आहे, पण त्यातला प्रत्येक वळसा ओपीडीत भेटतो.

इचलकरंजीचा ३८ वर्षांचा गृहस्थ, यंत्रमागावर काम करणारा. पाच वर्षं दिवसाला चार-पाच विड्या, नंतर सोडल्या. तिशीतच जिना चढताना दम. टीबीच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले, थुंकीत जंतू एकदाही नाहीत. मग सुताच्या कापसाच्या कस्पटांनी झालं असेल म्हणून सोडून दिलं. स्पायरोमेट्रीत पहिल्या सेकंदाची हवा अपेक्षेच्या ४४ टक्के, आणि सिटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांचा तळ काळा. कोणाला तरी एएटी आठवलं, पण पातळी न मागवता थेट जनुकाचा संच पाठवला गेला. तो संच फक्त एस आणि झेड पाहणारा होता. निकाल आला 'आढळले नाही'. फाइलवर लिहिलं गेलं : एएटी कमतरता नाही.

वर्षभराने दुसरीकडे साधी पातळी केली. २२. सीआरपी ३, अल्ब्युमिन नॉर्मल. पुन्हा केली, २४. आता दोन रिपोर्ट एकमेकांशी भांडतायत असं वाटतं, पण ते भांडत नाहीत. पहिला सांगतो की दोन ओळखीचे चोर घरात नाहीत. दुसरा सांगतो की घर लुटलं गेलंय. मग संपूर्ण जनुकाचं वाचन केलं. दोन्ही प्रतींवर एकच दुर्मीळ बदल निघाला.

दोन्ही प्रतींवर तोच दुर्मीळ बदल कसा आला, याचं उत्तर घरातच होतं. त्याच्या वडिलांनी मामाच्या मुलीशी लग्न केलं होतं. आपल्याकडे हे नातं रूढ आहे आणि त्यात काही गैर मानत नाहीत. पण आई-वडिलांच्या सामायिक आजोबा-आजीकडून आलेला विरळ बदल दोन वाटांनी एकाच मुलात उतरतो तो अशाच घरात. म्हणून मी रुग्णाला 'घरात कोणाला दमा आहे का' याच्या आधी 'आई-वडील नात्यातले का' हे विचारतो.

तात्पर्य तपासणीपुरतं : पातळी ५७ च्या खाली असेल आणि एस-झेड संच निगेटिव्ह असेल, तर निगेटिव्ह संच टाकून द्या आणि पूर्ण जनुक वाचा. तिथेही काही न दिसलं तर जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला आहे का हे वेगळं पाहावं लागतं, कारण साध्या वाचनात ते निसटतं.

१२. माझी पातळी जवळजवळ शून्य आहे, पण यकृत ठणठणीत. मग आजार सौम्य का?

उलट आहे. काही बदलांत प्रथिन बनतच नाही. त्यांना 'नल' प्रकार म्हणतात. प्रथिनच नाही म्हणजे यकृतात अडकायला काही नाही, म्हणून यकृत ठीक राहतं. फुप्फुस मात्र पूर्ण उघडं पडतं आणि एम्फिसीमा झेडपेक्षाही लवकर येतो. यकृताच्या चाचण्या चांगल्या आल्या म्हणून अशा माणसाला दिलासा देऊ नये.

फिनोटाइप चाचणीत नल प्रत दिसतच नाही, हा याचा दुसरा फटका. एक प्रत झेड आणि दुसरी नल असेल तर रिपोर्टात 'झेडझेड' येतं. एक प्रत एम आणि दुसरी नल असेल तर 'एमएम' येतं, पण पातळी अर्ध्यावर असते. 'प्रकार नॉर्मल, पातळी कमी' असं जोडीने आलं की नल प्रत आठवा.

१३. माझ्या दीड महिन्याच्या बाळाची कावीळ उतरत नाही, शी पांढरट होतेय. एएटी तपासायचं का?

हो, पण त्यासाठी थांबायचं नाही. पांढरट शी आणि लांबलेली कावीळ म्हणजे आधी पित्तनलिका बंद आहे का ते तातडीने पाहायचं. ती शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर निकाल चांगला, म्हणून दीड महिन्याच्या बाळाकडे वेळ फारसा नाही. एएटीची पातळी त्याच दिवसाच्या रक्तात पाठवा. कमतरतेतही पित्त इतकं अडू शकतं की स्कॅनमध्ये आतड्यात काहीच उतरताना दिसत नाही आणि चित्र हुबेहूब बंद नलिकेसारखं होतं. एएटी पातळी खूप कमी आली तर एक अनावश्यक शस्त्रक्रिया टळू शकते.

स्वीडनमध्ये १९७२ ते १९७४ दरम्यान दोन लाख नवजात बाळं तपासली गेली. दोन्ही प्रती झेड असलेल्या साधारण १२० बाळांपैकी १४ बाळांना अशी लांबलेली कावीळ झाली. म्हणजे दोष असलेल्या दहातल्या जवळपास नऊ बाळांना ती झालीच नाही. आई-वडिलांना मी हेही सांगतो, कारण रिपोर्ट हातात आला की सगळ्यांना वाटतं बाळाचं यकृत जाणारच.

१४. बायोप्सीत 'पास-डायस्टेजने रंगणारे गोळे' दिसले. निदान पक्कं?

अडकलेलं प्रथिन यकृताच्या पेशीत अशा किरमिजी गोळ्यांच्या रूपात दिसतं, त्यामुळे संशय बळावतो. पण एकच प्रत बिघडलेल्यांतही ते दिसू शकतात, पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या बाळात ते नसू शकतात, आणि नल प्रकारात ते कधीच नसतात. म्हणून बायोप्सीवर थांबू नये, पातळी आणि जनुक करावंच.

१५. 'एमझेड' आलं. म्हणजे मी रुग्ण की वाहक?

मुख्यतः वाहक. धूम्रपान न करणाऱ्या एमझेड माणसाचं फुप्फुस बहुधा सुखरूप राहतं. धूम्रपान करणाऱ्यात सीओपीडीचा धोका वाढतो. यकृताचंही तसंच, एकट्या झेडच्या प्रतीने सहसा काही होत नाही, पण दारू किंवा चरबीमुळे यकृत आधीच दुखावलेलं असेल तर ही प्रत व्रणांचा वेग वाढवते. एक गोष्ट मात्र टाळा : तिशीतला तीव्र एम्फिसीमा निव्वळ 'एमझेड आहे' यावर ढकलू नका. दुसरं कारण शोधा, किंवा दुसरी प्रत खरंच एम आहे का ते पाहा (प्रश्न १२).

१६. पातळी कमी आली, पण जनुक पूर्ण नॉर्मल. हे कसं?

प्रथिन कुठून तरी गळत असेल किंवा यकृत इतकं थकलेलं असेल की ते काहीच बनवू शकत नसेल. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये लघवीतून, काही आतड्याच्या आजारांत शौचातून प्रथिनं जातात. सोबत अल्ब्युमिनही घसरलेलं असतं, ती खूण. शेवटच्या टप्प्यातल्या सिऱ्होसिसमध्येही पातळी उतरते, म्हणून तिथे पातळीवरून निदान न करता जनुक पाहावं. उलट बाजूने, नुकतंच रक्त किंवा प्लाझ्मा चढवलं असेल तर दात्याचं एएटी मोजलं जातं, आणि पातळी खोटी चांगली येते.

१७. घरातल्या इतरांची तपासणी करायची का?

सख्ख्या भावंडांची नक्की. दोन्ही प्रती बिघडलेल्या रुग्णाच्या प्रत्येक भावंडाला तोच आजार असण्याची शक्यता चारात एक. प्रश्न ११ मधल्या गृहस्थाची ३४ वर्षांची बहीण तपासली तेव्हा तिची पातळी २३ आली. तिला दम नव्हता, पण एसजीपीटी सतत वाढलेलं होतं आणि 'फॅटी लिव्हर' म्हणून तिला चालायला सांगितलं होतं. त्या दोघांच्या आणखी एका भावाची पातळी ६५, म्हणजे तो वाहक. मुलांना एक प्रत मिळतेच. दुसरी जोडीदाराकडून येऊ शकते का, हे जोडीदाराची पातळी पाहून ठरवतात, आणि जोडीदार नात्यातला असेल तर ते नक्की पाहावं.

१८. इलाज नसेल तर तपासून काय फायदा?

दात्यांच्या रक्तापासून वेगळं काढलेलं एएटी दर आठवड्याला शिरेतून देतात, वजनाच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम. अमेरिकेत ते १९८७ पासून मान्य आहे. त्याने सिटी स्कॅनवर मोजलेल्या फुप्फुसाच्या घनतेची घसरण मंदावते, पण श्वासाच्या आकड्यांत ठळक सुधारणा दाखवता आलेली नाही. यकृताला त्याचा उपयोग नाही, कारण तिथला त्रास तुटवड्याचा नसून साठण्याचा आहे. वाहकांना ते देत नाहीत. आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि खर्च बहुतेक घरांना न झेपणारा आहे.

मग फायदा? वर सांगितलेल्या बहिणीला विडी-सिगारेटपासून आणि शेगडीच्या धुरापासून आजच दूर ठेवता येतं, हेपॅटायटिस ए आणि बीच्या लशी देता येतात, दारूला स्पष्ट नाही म्हणता येतं, सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी ठरवता येते. आणि तिच्या रुग्ण भावाला टीबीचा तिसरा कोर्स दिला जात नाही.

१९. माझं यकृत बदलायचं आहे आणि भाऊ देणार आहे. त्याचीही तपासणी लागते का?

लागते, आणि आपल्याकडे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण इथे बरीच प्रत्यारोपणं जिवंत नातेवाइकाच्या यकृताने होतात. प्रश्न १७ मधली चारात एकची शक्यता त्या भावालाही लागू असते. दोन्ही प्रती बिघडलेला भाऊ दाता होऊ शकत नाही. एकच प्रत बिघडलेल्या भावाबाबत प्रत्यारोपणाचं पथक त्याचं यकृत पाहून ठरवतं.

नव्या यकृताने रुग्णाचं एएटी दात्यासारखं होतं. पातळी सुधारते, फिनोटाइपही बदलतो. पण रक्तातल्या पेशींचं जनुक वाचलं तर अजून जुना दोषच दिसतो. प्रत्यारोपणानंतर वर्षभराने असा रिपोर्ट पाहून आजार परतला असं समजणारे घाबरलेले नातेवाईक दोनदा तरी माझ्यासमोर बसलेत. तेव्हा जनुकाचा रिपोर्ट बाजूला ठेवायचा आणि पातळी पाहायची.